पहिलं पाणी झाडांना

उज्जैनच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं असत. एक कालनिर्णय, ते दर दिवाळीला पुण्याहून येणारं कुणीतरी घेऊन यायचं. दुसरं जबलपूरचं लाला रामस्वरूप, ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळायचं. आत्या पहिल्यावर दुधाचा हिशेब लिहायची आणि दुसऱ्यावर गॅसची टाकी लावल्याची तारीख. दोन्हींच्या मधे हातभर अंतर. त्या अंतरात एक उभी रेघ होती, पूर्वी कधीतरी काढलेल्या फळीच्या खिळ्यामुळे पडलेली.

2018 च्या आषाढात मी दोन बॅगा घेऊन या घरी परत आले. आई-वडील आधीच गेलेले, भाऊ बंगळुरूला. घरात एकटी आत्या. ती वडिलांची थोरली बहीण, लग्न न केलेली, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेली. तिनं दार उघडलं, बॅगांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोहे भिजवलेत. हातपाय धुऊन ये." बस. पुढच्या पाच वर्षांत तिनं मला "काय झालं?" हा प्रश्न एकदाही विचारला नाही. मीही इथे ते सांगणार नाही. न सांगण्यात काही गूढ नाही. दोन साधी माणसं होती, नऊ वर्षं एका घरात राहिली, नंतर त्यांना राहता आलं नाही.

आठवड्याभरात गल्लीतली, नात्यातली मंडळी येऊन गेली. मराठी माणूस सांत्वनाला रिकाम्या हातानं येत नाही, एखादी म्हण घेऊन येतो. एक काकू म्हणाल्या, "टाळी काही एका हातानं वाजत नाही गं." दुसऱ्या म्हणाल्या, "पदरी पडलं ते पवित्र मानून घ्यायचं असतं." एक दूरचे काका, बिचारे खरोखरच हळहळत होते, त्यांनी मोती फुटला आणि मन तुटलं की ब्रह्मदेवालाही सांधता येत नाही, असं काहीसं सांगितलं आणि चहाचा कप खाली ठेवला. शेजारच्या भाभींनी म्हण सांगितली नाही, त्यांनी सरळ विचारलं, "बेटा, कब तक रुकोगी?" मला तेच त्यातल्या त्यात बरं वाटलं.

सगळे गेल्यावर आत्या कपबशा विसळत म्हणाली, "या म्हणींचं एक बघ. यातली प्रत्येक म्हण कुणाचा तरी निवाडा करायला बसलीय. टाळीवाली दोघांना आरोपी करते. पदरवाली तुला एकटीला करते. मोत्याची ब्रह्मदेवालाच हात टेकायला लावते. तुला आत्ता निवाडा नकोय, तुला पोहे हवेत." मग हात पुसत म्हणाली, "आपल्याकडे एक शहाणी म्हण आहे. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. मी त्यात तिसरं घालते, मोडलेल्या संसाराचं कारण. मूळ शोधत गेलं की चिखलच लागतो. आणि नदी तिथे नसतेच, ती पुढे वाहत असते."

तेव्हापासून मी तिच्या म्हणींकडे लक्ष द्यायला लागले. ती म्हण फार क्वचित वापरायची. वापरली तर त्या दिवशीच्या कामाला लावायची. सांत्वन म्हणून तिनं एकही म्हण मला दिल्याचं आठवत नाही.

त्या श्रावणातली गोष्ट. एका सोमवारी महाकालाची सवारी होती. पालखी मंदिरातून निघते, रामघाटावर जाते, तिथे क्षिप्रेच्या पाण्यानं पूजा होते आणि परतताना गोपाळ मंदिरावरून येते. आमची गल्ली त्या रस्त्यापासून जवळ, त्यामुळे दुपारपासून सगळा गोंगाट घरात. मी खिडकीशी न जाता स्वयंपाकघरात बसून राहिले. गर्दीत कुणी ओळखीचं भेटेल, विचारेल, ही भीती. आत्या आत आली आणि तिनं मला भिंतीसमोर उभं केलं. "सांग, आज श्रावण आहे का?"

कालनिर्णयात तो अजून लागायचा होता. लाला रामस्वरूपमध्ये केव्हाच लागला होता.

हे उज्जैनच्या बाहेरच्या वाचकांसाठी नीट सांगायला हवं. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षाचं नाव दोघांकडे एकच असतं, पण वद्य पक्षाच्या पंधरा दिवसांत उत्तरेकडचे एक महिना पुढे असतात. त्यामुळे आपण जी गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला करतो, तीच त्यांच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. रात्र एकच, चंद्र एकच, उपास एकच. उज्जैनमध्ये या दोन्ही पंचांगांची माणसं एका गल्लीत राहतात, म्हणून इथला श्रावण दीड महिन्याचा. महाकालाची सवारीसुद्धा दोन्ही धरून निघते. उत्तरेच्या श्रावणातले सगळे सोमवार होतातच, शिवाय त्यांचा भाद्रपद लागल्यावर कृष्ण पक्षातल्या सोमवारीही पालखी निघते, कारण मराठी हिशेबानं तो अजून श्रावणच असतो. शिंद्यांच्या काळापासूनची ही रीत, असं इथले लोक सांगतात. शेवटची, सर्वांत मोठी सवारी निघते तेव्हा निम्म्या गावाचा श्रावण संपून आठवडा तरी उलटलेला असतो.

"आता यातलं खोटं कोण बोलतंय?" आत्यानं विचारलं.

मी म्हटलं, "कुणीच नाही."

"मग झालं तर. त्याचा महिना आधी संपला असेल, तुझा नंतर. किंवा उलट. तेच पंधरा दिवस तो एका नावानं सांगेल, तू दुसऱ्या नावानं. दोघंही खरंच सांगाल." आणि ती सवारी बघायला निघून गेली. मला बरोबर चल म्हणाली नाही. शेवटच्या सोमवारी मी आपणहून गेले.

आमचं लग्न उज्जैनमध्ये लागलेलं होतं, त्यामुळे अर्ज इथल्या कुटुंब न्यायालयात करता आला. हिंदू विवाह कायदा 1955 चा, पण परस्पर संमतीचं कलम, 13 ब, त्यात 1976 साली आलं. वकीलबाईंनी ते आम्हाला कागदावर काढून दाखवलं होतं. आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असलं पाहिजे. मग दोघांनी मिळून अर्ज करायचा. त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी येऊन सांगायचं, की आमचं म्हणणं कायम आहे. मधल्या काळात कुणाही एकाला संमती मागे घेता येते. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की हे सहा महिने माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. पण त्याला अटी आहेत. समेटाचे प्रयत्न थकलेले हवेत, पोटगी आणि मुलांचा ताबा असे विषय मिटलेले हवेत आणि वेगळं राहून दीड वर्ष तरी झालेलं हवं. मी उज्जैनला येण्याआधीचं वेगळं राहणं धरून आमचे चौदा महिने झाले होते. म्हणजे थांबणं आलंच.

ऑक्टोबरमधल्या कोर्टाच्या पहिल्या तारखेला कारकुनानं विचारलं, "राजीनामा हो गया?" माझ्या पोटात गोळाच आला. मराठी कानाला राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. मी खरोखरच क्षणभर विचार केला, की हा कुणाला द्यायचा असतो. मग कळलं, की इकडच्या कोर्टात राजीनामा म्हणजे समझोता, दोघांनी राजी होऊन केलेला लेख. घरी येऊन सांगितलं तर आत्या पदराआड हसत सुटली. म्हणाली, "शब्द मुळात त्यांचाच बरोबर आहे. राजी असल्याचं पत्र. आपण मराठी माणसांनी त्यातली नोकरी तेवढी धरून ठेवली."

तो पुण्याहून रात्रीच्या गाडीनं यायचा आणि सकाळी उज्जैनला उतरायचा. पहिल्या तारखेला आत्यानं मला दोन डबे दिले. दोन्हींत पोहे, वर शेव, जिरावणाची पुडी वेगळी. "दुसरा कुणाला?" मी विचारलं. "रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाला," ती म्हणाली. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली एक बाक होता. त्याच्या दोन टोकांना बसून आम्ही ते खाल्लं. फारसं बोललो नाही. त्यानं विचारलं, "आत्या बऱ्या आहेत?" मी म्हटलं, "आहे." त्यानं डबा धुऊन परत दिला. पुढे न्यायाधीशांनी आम्हाला एकेकट्याला विचारलं, की कुणाच्या दबावाखाली तर हे करत नाही ना. मी नाही म्हटलं. ते पूर्ण खरं होतं, आणि त्या बाकावरच्या अर्ध्या तासामुळे ते सांगणं सोपं गेलं.

सहा महिने. लोकांना वाटतं, हा काळ रिकामा असतो. तो रिकामा नसतो, याद्यांचा असतो. लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंची वाटणी, बँकेचं खातं, विम्यावरचं नाव, भाड्याच्या घराची अनामत. स्त्रीधन माझं, त्याबद्दल प्रश्न नव्हता. प्रश्न भांड्यांचा होता. आपल्याकडे लग्नात आलेल्या स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरतात, ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, तारीख, 'सप्रेम भेट'. सतरा भांड्यांवर आमची दोघांची नावं होती. ती घासून जात नाहीत. दुकानात नेऊन पॉलिश करून घेतली तर पुसट होतात, पण तिरप्या उजेडात वाचता येतातच. मी एका दुपारी पातेलं उजेडात धरून हेच बघत बसले होते.

आत्या म्हणाली, "वाटून घ्या. नावं राहू देत. ज्यानं दिलं त्यानं प्रेमानं दिलं होतं, ते काही मागे घेतलेलं नाही." नऊ भांडी माझ्याकडे आली. त्यातल्या एका डब्यात आजही तांदूळ आहेत. अक्षरांची बाजू भिंतीकडे असते, मुद्दाम नव्हे. फळीवर तो तसाच बसतो.

याद्या लिहून झाल्या त्या रात्री तिनं मला शब्दांचा धडा दिला. निवृत्त शिक्षिकेला असा प्रसंग सोडवत नाही. म्हणाली, "आपल्याकडे या गोष्टीला किती शब्द आहेत बघ. काडीमोड, म्हणजे गवताची काडी मोडून मोकळं व्हायचं. ज्यांच्यात ही रीत होती त्यांच्यात बाईचा पुन्हा पाटही लागायचा. सोडचिठ्ठी, यात एक सोडतो आणि दुसरी सुटते, म्हणून मला तो आवडत नाही. आणि फारकत. हा जुना दफ्तरी शब्द. फारखत म्हणजे हिशेब चुकता झाल्याची पावती. यापुढे माझं तुझ्याकडे काही निघत नाही, तुझं माझ्याकडे काही निघत नाही. तुमचं हे फारकत आहे. बाहेर कुणी विचारलं तर मनात तोच शब्द ठेव, उत्तर दिलंस नाही तरी चालेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि घटस्फोट?" मी विचारलं. कोर्टाच्या हिंदी कागदावर विवाह-विच्छेद लिहिलं होतं, भाभी तलाक म्हणत. माझ्या डोक्यात मात्र घटस्फोटच होता, काचेसारखा वाजणारा.

तिनं लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून मनुस्मृती काढून आणली. हे पुस्तक ती वाद घालण्यासाठीच घरात ठेवायची. अकराव्या अध्यायातला एक विधी तिनं मला समजावून सांगितला. घटस्फोटाचा मुळात नवरा-बायकोशी संबंध नव्हता. जातीतून बाहेर काढलेल्या माणसासाठी तो विधी होता. नातेवाईक गावाबाहेर जमत, त्या जिवंत माणसाला मेल्यासारखं समजून पाणी देत आणि दासी पाण्यानं भरलेला घडा पायानं लवंडून टाके. त्यानंतर त्याच्याशी बोलणं बंद, बसणं बंद, वाटा बंद. पुढे हाच शब्द आपल्या मराठीनं लग्न मोडण्याला लावला.

"म्हणून तो शब्द कानाला लागतो," आत्या म्हणाली. "त्यात लग्न मोडल्याचा आवाज नाहीय, वाळीत टाकल्याचा आहे. पण लोक तिथेच थांबतात. पुढचे श्लोक वाचत नाहीत." पुढे असं आहे, की त्या माणसानं प्रायश्चित्त केलं की तेच नातेवाईक त्याच्याबरोबर पवित्र जलाशयावर जातात, सगळे मिळून स्नान करतात आणि पाण्यानं भरलेला नवा घडा त्या पाण्यात सोडतात. नंतर तो घरी येतो आणि पूर्वीसारखा सगळ्या कामांत सामील होतो.

मला लगेच रुचलं नाही. प्रायश्चित्त कशाचं? मी काय पाप केलं होतं? मी तसं तोंडावर म्हटलं. आत्या म्हणाली, "काहीच नाही. म्हणून प्रायश्चित्त वगळ. नवा घडा तेवढा घे." मग चष्मा काढून पुस्तक मिटत म्हणाली, "जुन्या पुस्तकांशी असंच वागावं लागतं, भाजी निवडल्यासारखं."

एप्रिलमध्ये दुसरी तारीख झाली. दहा मिनिटं लागली असतील. तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अक्षय तृतीया होती. त्या दिवशी आपल्याकडे उदककुंभ देतात आणि उन्हाळ्याचा नवा माठही बऱ्याच घरांत तेव्हाच पाण्यानं भरतात. आत्या मला कुंभाराकडे घेऊन गेली.

माठ कसा घ्यायचा हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, नऊ वर्षं फ्रीजचंच पाणी प्यायलेलं. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, भद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे. आतून हात फिरवायचा, चकाकी लागली तर नको, कारण रंग किंवा रोगण दिलेला माठ पाझरत नाही आणि न पाझरणारा माठ गार करत नाही. घरी आणल्यावर तो सबंध बादलीभर पाण्यात बुडवून ठेवायचा, एक पूर्ण दिवस. सुरुवातीला त्यातून बुडबुडे येतात. मातीच्या छिद्रांत अडकलेली हवा असते ती, बाहेर पडते. बुडबुडे थांबले की माठ पाणी प्यायला, असं समजायचं. साबण कधीही लावायचा नाही, तो छिद्रांत जाऊन बसतो आणि पुढे आठवडाभर पाण्याला त्याची चव येते. नुसता काथ्या आणि हात.

मग पहिलं पाणी भरायचं. ते प्यायचं नाही. त्याला मातीचा इतका वास येतो, की प्यायलं तर माणूस माठच नको म्हणेल. पहिलं पाणी झाडांना. दुसरंही झाडांना. तिसरं चाखून बघायचं. आमचं त्या वर्षी पाचव्या दिवशी पिण्याजोगं झालं. बाहेरून माठ सारखा ओला दिसायचा, खाली ताटलीत पाणी साठायचं. मी दोनदा म्हटलं, "हा गळतोय." आत्या म्हणाली, "गळत नाही, घाम आलाय त्याला. थांब जरा." संध्याकाळपर्यंत पाणी थंडगार. घाम आल्याशिवाय ते गार होत नाही, बाहेरचं पाणी वाऱ्यानं उडताना आतली ऊब घेऊन जातं. शाळेत शिकलेली ही गोष्ट मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी समजली.

त्या पाच दिवसांत आत्यानं जीवनाबद्दल एक वाक्यही उच्चारलं नाही. ही तिची मोठी सभ्यता.

पुढचं सगळं हळूहळू आणि बऱ्याचदा कंटाळवाणं. सुरुवातीचे महिने मला भूक लागायची नाही आणि देवळात जाऊन तासन्‌तास बसावंसं वाटायचं. आत्या म्हणायची, "आधी पोटोबा, मग विठोबा. इथे तर विठोबाही नाही, महाकाल आहे, तो थांबायला तयार असतो." रात्री मी आई-वडिलांच्या मोठ्या पलंगावर झोपायचे. नऊ वर्षांच्या सवयीनं डाव्या कडेला, अंग चोरून. एकदा तिनं पहाटे पाहिलं. "अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना," ती म्हणाली, "मग बघ की. सगळं अंथरूण तुझंच आहे." त्या दिवशी मी पलंगाच्या मधोमध उशी टाकली. हे लिहायला क्षुल्लक वाटतं. मला झोप लागायला त्यानंतरही आठवडा लागला.

नातलगांनी महिन्याच्या आत स्थळं सुचवायला सुरुवात केली. आत्या फोनवर नुसतं म्हणायची, "गुडघ्याला बाशिंग बांधायची घाई आम्हाला नाही." पण वर्षभरानं एका जुन्या ओळखीच्या माणसाबरोबर मी कॉफीला जायला घाबरत होते, तेव्हा तिनंच पाठवलं. मी म्हटलं, "दुधानं तोंड पोळलंय गं." ती म्हणाली, "मग ताक फुंकून पी. पिऊच नको असं म्हण सांगत नाही. फुंक, पण पी." त्या कॉफीतून पुढे काही झालं नाही. तो चांगला माणूस आहे, अजून दिवाळीला फोन करतो.

ओसरीवर मी गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या, तीन मुलांपासून. पहिल्या महिन्याच्या फीमधून विजेचं बिल भरलं आणि दीडशे रुपये उरले. आत्यानं ते माझ्या हातात परत दिले. "आपला हात जगन्नाथ," म्हणाली. आम्ही त्याची जिलबी आणली.

'एकटा जीव सदाशिव' ही म्हण मात्र तिला माझ्याबाबतीत चालत नसे, स्वतःबाबतीत ती अभिमानानं वापरायची. गल्लीतल्या कुणीतरी मला गमतीनं ते म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "सदाशिव एकटा? पहाटे चारला भस्मारतीच्या रांगेत उभे राहून बघा. त्या बिचाऱ्याला एकटं कोण राहू देतंय."

आणि एकदा छत्रीच्या काठीनं गोपाळ मंदिर दाखवून तिनं जे म्हटलं, ते कुठल्या म्हणींच्या पुस्तकात नाही. उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी ती ग्वाल्हेरला हलवली. फौज गेली, दफ्तर गेलं, सरदार गेले. आमच्यासारखी काही मराठी घरं मागे राहिली. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई, त्यांनी पुढे इथे भर बाजारात हे गोपाळ मंदिर बांधलं. सोडून गेलेल्यांनी सोडलेल्या गावाला दिलेली गोष्ट. आत्या म्हणाली, "दरबार गेला म्हणून उज्जैननं काय कुंकू पुसलं? की ग्वाल्हेरला शिव्या दिल्या? सकाळी उठून दुकानं उघडली." इतिहास इतका सरळ नसतो हे तिलाही माहीत होतं. राजधानी गेल्यावर गाव कितीतरी वर्षं मरगळलेलं असणार. पण दुकानं उघडली हे खरंच. ती आजही उघडी आहेत, मंदिराच्या पायरीपासून पटनी बाजारापर्यंत.

आत्या 2023 च्या कार्तिकात गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच. मला वाटलं होतं, या दुसऱ्या जाण्याला पहिल्याचा सराव उपयोगी पडेल. तसं काही होत नाही. बाराव्या-तेराव्याला तीच मंडळी आली, चहा झाला, म्हणी झाल्या. त्या मंडळींत तोही होता. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आला, सकाळी उतरला. मी त्याच्यासाठी पोहे केले. त्यानं ताटली स्वतः विसळून ठेवली आणि भिंतीकडे पाहत म्हणाला, "अजून दोन्ही लावता?"

लावते. कालनिर्णयावर दुधाचा हिशेब, लाला रामस्वरूपवर गॅसची तारीख. मधली रेघ तशीच आहे.

जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी भरली होती, गेल्या उन्हाळ्यात पाणी गार होईना. परवा नवा आणला. टिचकी मारून घेतला, एक दिवस बादलीत बुडवून ठेवला. पहिलं पाणी तुळशीला आणि जास्वंदीला घातलं, दुसरं शेजारच्या भाभींच्या मोगऱ्याला. आज तिसरं चाखलं. अजून मातीचं लागतंय.